निऱ्यांचा हिशेब छायाचित्रात का जुळत नाही?

छायाचित्रातले कपडे बदलणे आता कुणालाही अवघड वाटत नाही. मोबाइलवर बोट फिरवले की शर्टाचा कुर्ता होतो, पांढऱ्या टॉपचा निळा होतो आणि बघणाऱ्याला संशयही येत नाही. पण त्याच मोबाइलला सहावारी साडीतल्या बाईंना नऊवारी नेसवायला सांगा, किंवा डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला पदर गुजराती पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे आणायला सांगा. रंग बरोबर येतो, काठ येतो, चेहराही बहुधा तसाच राहतो. तरी घरातली एखादी आत्या किंवा मावशी फोटो हातात घेताच म्हणते, ‘‘हे काहीतरी चुकलंय. निऱ्या अशा पडत नाहीत.’’ काय चुकले, हे तिलाही नेमके सांगता येत नाही. पण तिचे म्हणणे खरे असते आणि त्यामागे कापडाचे गणित, प्रकाशाचे वागणे आणि आपल्या मेंदूची पाहण्याची रीत अशी तीन कारणे असतात.

सुरुवात कापडापासून करू. शर्ट किंवा टॉप शिवलेला असतो. त्याला बाही, गळा, बगल असे ठरलेले भाग असतात आणि तो सपाट पसरला तरी अंगावर कसा दिसेल याचा अंदाज करता येतो. कपडे बदलून दाखवणाऱ्या संगणकीय पद्धती याच कल्पनेवर वाढल्या. 2018 साली मांडलेली ‘विटॉन’ ही त्यातली एक गाजलेली पद्धत. ती सपाट ठेवलेल्या टॉपचे चित्र ताणून, वाकवून समोरून उभ्या असलेल्या स्त्रीच्या धडावर बसवत असे. साडीला असा आकारच नाही. घडी उलगडली की ती फक्त साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद अशी एक पट्टी असते. तिचे वस्त्र होते ते नेसणाऱ्या हातांत. त्यामुळे साडीची नेसण बदलायची म्हणजे एक कपडा काढून दुसरा चढवणे नव्हे. ती सगळी पट्टी मनात सोडवून पुन्हा पहिल्यापासून नेसवणे होय.

आता त्या साडेपाच मीटरचा हिशेब मांडू. मध्यम बांध्याच्या स्त्रीने नेहमीच्या पद्धतीने सहावारी नेसली, तर कमरेभोवतीच्या पहिल्या वेढ्यात साधारण 95 सेंटिमीटर कापड जाते. मग निऱ्या येतात. सहा निऱ्या, प्रत्येक सुमारे 12 सेंटिमीटर रुंद. पण निरी म्हणजे कापडाची जाऊन परत येणारी घडी, म्हणून तिला रुंदीच्या दुप्पट कापड लागते. सहा निऱ्यांत जवळजवळ दीड मीटर कापड संपते. तिथून डाव्या बाजूने मागे जाऊन उजव्या काखेखाली येईपर्यंत 75 सेंटिमीटर, छातीवरून डाव्या खांद्यापर्यंत 90 आणि पाठीवर सोडलेला पदर 110. उरलेले तीसेक सेंटिमीटर खोचण्यात आणि सैलपणात जातात. आकडे बाईगणिक बदलतील, पण बेरीज साडीच्या लांबीएवढीच यावी लागते. कापड ताणून वाढत नाही आणि मध्येच नाहीसेही होत नाही.

गोम अशी की यातले फार थोडे कापड छायाचित्रात दिसते. निऱ्यांचा दीड मीटर घ्या. कमरेशी सर्वांत वरची निरी पूर्ण दिसते, म्हणजे 12 सेंटिमीटर. तिच्यामागच्या पाच निऱ्यांची फक्त कड डोकावते, प्रत्येकी एक-दीड सेंटिमीटर. सगळे मिळून जेमतेम 20 सेंटिमीटर. उरलेले सव्वा मीटर कापड घड्यांच्या पोटात आहे. कॅमेऱ्याने ते टिपलेलेच नाही. नेसण बदलली की त्यातला काही भाग बाहेर यायला हवा आणि आज दिसणारा काही भाग आत जायला हवा. जे कधी टिपलेच नाही ते पुन्हा उभे करणे, हा या कामातला पहिला अडथळा.

एका फोटोचे उदाहरण

समजा, एका घरातल्या आजी वारल्या. त्या आयुष्यभर नऊवारी नेसत. पण त्यांचा उभा, स्वच्छ, हसरा असा फोटो एकच आहे आणि तो नातीच्या लग्नातला. त्या दिवशी सुनांच्या आग्रहाखातर त्यांनी बुट्ट्यांची रेशमी सहावारी नेसली होती. भिंतीवर लावायला घरच्यांना आजी त्यांच्या नेहमीच्या वेषात हव्या आहेत. मागणी साधी वाटते. दोन्ही नेसणींत पदर डाव्याच खांद्यावर असल्याने कमरेच्या वरचे बरेचसे तसेच ठेवता येईल. प्रश्न कमरेखालचा आहे.

सहावारीत परकराभोवती एक घेर असतो. पाय त्याच्या आत झाकलेले, दिसतात ती फार तर बोटे. नऊवारीत परकर नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड कमरेला गाठ मारून बसवतात, पुढे निऱ्या घालतात आणि पायांमधून मागे नेऊन काष्टा खोचतात. त्यामुळे घेर जाऊन दोन वेगळे पाय दिसू लागतात. मांडीवर कापड चापून बसते, पोटरीवरून काठ तिरका वर चढतो, घोटे उघडे राहतात. म्हणजे साडीबरोबर आजींच्या मांड्या, गुडघे, पोटऱ्या आणि घोटे हेही नव्याने काढावे लागतात आणि मूळ फोटोत त्यांचा मागमूस नाही.

इथे वैद्यकाचा संबंध येतो. पंचाहत्तरीच्या बाईंचे गुडघे पंचविशीच्या मुलीसारखे नसतात. गुडघ्याच्या संधिवातात बहुधा आतल्या बाजूची कूर्चा आधी झिजते. मग गुडघे बाहेरच्या बाजूला झुकतात आणि पाय कंसासारखे दिसू लागतात. उभे राहताना अशी व्यक्ती दोन पायांत जरा अंतर ठेवते, दुखऱ्या पायावरचा भार कमी करते आणि कंबर एका बाजूला कलते. सहावारीने हे सगळे झाकलेले असते. नऊवारी ते दाखवते. चित्र भरणाऱ्या प्रणालीला आजींचे गुडघे ठाऊक नसतात. तिने शिकताना पाहिलेली नऊवारीतली चित्रे बहुतेक लावणीच्या कलाकारांची, नववधूंची आणि जाहिरातींतल्या तरुणींची असणार. ती सरळ, सडपातळ पाय काढते. वर आजींचा चेहरा, कललेले खांदे आणि खाली दुसऱ्याच कुणाचे तरी पाय. घरच्यांना ‘ही आजी वाटत नाही’ असे जे जाणवते, त्याचे कारण पुष्कळदा चेहऱ्यात नसून गुडघ्यात असते.

यंत्र काय करते

आजच्या चित्र बदलणाऱ्या बहुतेक प्रणाली एका तत्त्वावर चालतात. निवडलेला भाग पुसून तिथे आधी विस्कळीत ठिपके भरायचे आणि आजूबाजूचे चित्र व दिलेले वर्णन यांच्या आधारे टप्प्याटप्प्याने ते ठिपके निवळवत न्यायचे. कोणत्या आकाराशेजारी कोणता आकार येतो, याची सवय त्यांना असंख्य चित्रे पाहून लागलेली असते. सवय आहे, हिशेब नाही. पाचवी निरी कुठल्या कापडातून आली आणि कुठे गेली, हे त्यांच्यात कुठेही मोजले जात नाही.

दुसरी अडचण सूक्ष्मतेची आहे. 2022 मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ‘स्टेबल डिफ्यूजन’ ही प्रणाली 512 बाय 512 ठिपक्यांचे चित्र थेट हाताळत नसे. आधी ते 64 बाय 64 चौकटींच्या संक्षिप्त रूपात आणत असे. म्हणजे मूळ चित्रातल्या आठ बाय आठ ठिपक्यांची मिळून एक चौकट. आता आजींचा उभा फोटो घेऊ. त्यांची उंची 160 सेंटिमीटर आणि चित्रात त्या 450 ठिपके उंच. म्हणजे एका सेंटिमीटरला तीनही ठिपके पुरते येत नाहीत. डोकावणारी निरीची कड दीड सेंटिमीटरची, म्हणजे चार ठिपक्यांची. एका चौकटीत दोन निऱ्या कोंबल्या गेल्या! मग त्या चौकटीत ‘इथे काहीतरी उभे रेघारेघांचे आहे’ एवढेच उरते आणि चित्र परत मोठे करताना त्या रेघा अंदाजाने काढल्या जातात. त्यामुळे कमरेशी सहा असलेल्या निऱ्या गुडघ्याशी आठ होतात, पावलाशी पाच उरतात आणि जरीचा काठ मध्येच विरघळून जातो. नव्या प्रणाली मोठी चित्रे हाताळतात, त्यामुळे हा दोष कमी होतो. पण संपूर्ण आकृती एकाच वेळी बदलायला दिली तर निऱ्यांच्या वाट्याला चित्राचा फार लहान तुकडा येतो, हे तसेच राहते. म्हणून जाणकार कारागीर कमरेपासून पावलापर्यंतचा भाग कापून, मोठा करून, तेवढ्यावरच वेगळे काम करतात.

तिसरी अडचण नक्षीची. बुट्टे विणलेले असतात, ते कापडाबरोबर वळतात. सपाट कापडावर दर 10 सेंटिमीटरला एक बुट्टा असेल, तर वरच्या निरीवर एक-दोन रांगा पूर्ण दिसतील आणि मागच्या कडांवर बुट्ट्यांचे फक्त काप दिसतील, कुठे पाकळीचे टोक, कुठे अर्धा देठ. काही कडांवर काहीच नसेल. यंत्राला अर्धवट बुट्टा ‘चूक’ वाटतो. ते प्रत्येक अरुंद कडेवर एकेक छोटा, पण पूर्ण बुट्टा काढते. खऱ्या साडीत हे अशक्य आहे.

डोळा कशावर विश्वास ठेवतो

मेंदूला उंचसखलपणा कळतो तो बराचसा सावलीवरून. मूळचे भारतीय मज्जाशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1988 मध्ये एका साध्या प्रयोगाने हे दाखवले. वरून उजळ आणि खाली काळवंडत जाणारे वर्तुळ फुगीर दिसते. तेच उलटे केले की खोलगट दिसते. कारण प्रकाश वरून येतो, हे मेंदूने गृहीत धरलेले असते. पण वर्तुळ डावीकडे उजळ आणि उजवीकडे गडद असेल, तर मेंदू संभ्रमात पडतो. ते कधी उंचवटा वाटते, कधी खळगा.

निऱ्यांची नेमकी हीच स्थिती आहे. त्या उभ्या असतात, म्हणून त्यांच्यावरची छटा डावी-उजवी बदलते. केवळ छटेवरून कुठली पट्टी पुढे आणि कुठली मागे, हे ठरत नाही. मग मेंदू दुसरे पुरावे शोधतो. कुठली कड कुणाला झाकते, हा एक. दुसरा आणि अधिक भक्कम पुरावा साडीच्या तळाशी असतो. खालच्या काठाची रेषा निऱ्यांबरोबर नागमोडी जाते. एक वळण पुढे, एक मागे. ती रेषा म्हणजे निऱ्यांचा वरून पाहिलेला नकाशाच. ती बरोबर असेल तर वरची छटा थोडी चुकली तरी खपते. ती सरळ पट्टीसारखी आली, तर वरच्या निऱ्या कितीही रेखीव असोत, त्या कापडावर ओढलेल्या रेघा वाटतात. म्हणून बदललेल्या छायाचित्रात आधी तळ पाहावा.

सावलीतही बारकावे असतात. दोन निऱ्यांमधली फट नुसती काळी नसते. लाल रेशमी घडीवर पडलेला प्रकाश शेजारच्या घडीवर उसळतो, म्हणून फट गडद लाल, ऊबदार दिसते. करड्या सावलीने रंगवलेल्या निऱ्या मळकट वाटतात त्या यामुळे. रेशमाची चकाकी धाग्यांच्या दिशेवर अवलंबून असते, सुती कापड मात्र जवळपास सारखेच उजळते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेली धूपछाव साडी तर प्रत्येक वळणावर रंगच बदलते.

निऱ्यांची संख्या आणि खोली कापडाच्या ताठपणावरही ठरते. कापड किती झुकते, हे मोजण्याच्या पद्धती इंग्लंडमधल्या सूत उद्योगासाठी एफ. टी. पीयर्स यांनी 1930 मध्ये मांडल्या. पुढे क्युसिक यांच्या उपकरणात 18 सेंटिमीटरच्या तबकडीवर 30 सेंटिमीटर व्यासाचे गोल कापड ठेवून त्याची खाली पडणारी सावली मोजू लागले. ताठ कापडाची सावली मोठी आणि चुण्या थोड्या, मऊ कापडाची सावली लहान आणि चुण्या जास्त. गंमत म्हणजे तेच कापड उचलून पुन्हा ठेवले तर चुण्या दरवेळी थोड्या वेगळ्या पडतात. याचा अर्थ निऱ्यांचे एकच बरोबर उत्तर नसते. पण म्हणून कुठलेही उत्तर चालत नाही. ताठ रेशमाला शिफॉनच्या लोंबत्या चुण्या दिल्या, की डोळ्याला ते कापड ओळखीचे वाटत नाही.

मग करायचे कसे?

आजींच्या फोटोचे काम नीट करायचे असेल, तर निऱ्या यंत्राकडून कल्पनेने काढून घेण्यापेक्षा खऱ्या निऱ्यांचा फोटो काढणे हा अधिक भरवशाचा मार्ग आहे. आजींच्या बांध्याची, शक्यतो त्यांच्याच वयाची एखादी नातेवाईक स्त्री निवडावी. तिने तशाच रेशमाची नऊवारी नेसावी आणि आजींसारखेच उभे राहावे, पायांत तेवढेच अंतर, भार त्याच पायावर. मूळ फोटोत कॅमेरा छातीच्या उंचीवर असेल तर इथेही तिथेच धरावा. तो गुडघ्याशी आणला तर काठाची वळणे वेगळीच दिसतील. लग्नाच्या हॉलमध्ये प्रकाश डावीकडच्या खिडकीतून येत असेल, तर इथेही डावीकडूनच यावा. मग कमरेखालचा भाग त्या फोटोतून घेऊन जोडायचा, रंग जुळवायचा, बुट्टे मूळ साडीतले बसवायचे आणि जोड कमरेशी, पदराच्या कडेखाली लपवायचा. शेवटी जमिनीवरची सावली बदलायची. घेराची एक सावली जाऊन दोन पावलांच्या दोन सावल्या यायला हव्यात; हे राहिले तर आजी जमिनीवर उभ्या न वाटता तरंगताना दिसतात.

काम झाल्यावर तपासणी मोबाइलवर करू नये. स्पष्ट दिसण्याचे काम डोळ्याच्या पडद्याचा मधला लहानसा भाग करतो. त्याची कक्षा साधारण दोन अंशांची, म्हणजे हातभर अंतरावर जेमतेम दोन सेंटिमीटर. मोबाइलवर आजी 10 सेंटिमीटर उंच दिसतात, सगळ्या निऱ्या सव्वा सेंटिमीटरमध्ये मावतात आणि प्रत्येक कड एक मिलिमीटरची होते. नजर एकदाच टेकते आणि ‘निऱ्या आहेत’ म्हणून पुढे जाते. तोच फोटो दोन फुटांच्या चौकटीत लावला, की तीच कड पाच मिलिमीटरची होते. नजर एका निरीवरून दुसरीवर उड्या मारत जाते आणि मोजू लागते. मोबाइलवर खपलेली चूक भिंतीवर रोज दिसते.

तपासताना चार गोष्टी पाहाव्यात. कमरेशी मोजलेल्या निऱ्या तळाशी तेवढ्याच आहेत का? ताठ कापडात त्या तेवढ्याच असायला हव्यात. शिफॉनसारख्या मऊ कापडात एखादी मध्येच विरली तर चालेल. काठाची रुंदी पोटरीवर, मांडीवर आणि मागे जाताना सारखी राहते का? मागच्या कडांवर बुट्टे कापलेले दिसतात की छोटे होऊन पूर्ण बसलेले? आणि पदर कुठून निघून कुठे गेला, हे बोटाने वाट काढत सांगता येते का? पुष्कळदा पदर कमरेशी येऊन संपतो आणि वर छातीवर दुसरेच कापड सुरू होते. सहावारीतल्या निऱ्यांची उघडी बाजू नेसणारीच्या डावीकडे असते. ती उजवीकडे दिसली आणि पदरही उजव्या खांद्यावर असला, तर फोटो आरशासारखा उलटा झाला आहे का, हेही पाहावे. समोरच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंत असे होते.

एवढे करूनही या फोटोतले पाय आजींचे नसतात, दुसऱ्या कुणाचे तरी असतात. हे घरातल्यांनी जाणून घेऊन ठरवावे. मूळ फोटो न बदलता जपून ठेवावा आणि बदललेल्या प्रतीच्या मागे ‘नेसण बदललेली’ एवढे लिहून ठेवावे. पन्नास वर्षांनी पणतीला आजी सरळ पायांच्या होत्या असे वाटू नये. हयात स्त्रीच्या बाबतीत तर तिला विचारल्याशिवाय नेसण बदलूच नये, कारण तिच्या साडीबरोबर तिचे शरीरही कुणीतरी कल्पनेने काढत असतो. आणि आजींना नऊवारीतच पाहायचे असेल, तर घरातल्या जुन्या पेटीत थोडा शोध घ्यावा. बारशाच्या, मुंजीच्या एखाद्या गटाच्या फोटोत, मागच्या रांगेत, किंचित अस्पष्ट अशा त्या नऊवारीत उभ्या असण्याची शक्यता पुष्कळ आहे. त्या फोटोतल्या निऱ्या त्यांनी स्वतःच्या हाताने घातलेल्या असतील.